पाटीवरचं नाव, तोंडातलं नाव
(आलापल्लीतल्या एका वाचनालयाची वाटचाल)

आमच्या संस्थेच्या घटनेतलं पहिलं कलम 'संस्थेचे नाव' असं आहे. त्या नावात अकरा शब्द आहेत. ते इथे सुरुवातीलाच लिहिलं, तर आलापल्लीतला वाचकसुद्धा म्हणेल, ही संस्था कुठली? गावात आम्हाला सगळे 'चौकातली खोली' म्हणतात. सिरोंच्याहून आलेली बस चौकात थांबते, पोरगा उतरतो, पानठेल्यावर विचारतो, "खोली कुठं जी?" आणि ठेलेवाला मान न वळवता बोट दाखवतो. या खोलीची ही बारा वर्षांची हकिगत. त्यात देशांच्या नावांचा विषय इतका का आला आहे, ते पुढे कळेल.

सुरुवात तीन शब्दांच्या नावाने झाली होती. नोंदणीला गेलो तेव्हा कळलं की त्या नावाची संस्था जिल्ह्यात आधीपासून आहे. मग एक विशेषण जोडलं. तेही कोणाचं तरी निघालं. मग 'बहुउद्देशीय' आलं, 'ग्रामीण' आलं, शेवटी गावाचं नाव आलं, आणि हे होता होता शब्द अकरा झाले. त्यातला एकही शब्द हौसेने घातलेला नाही. दुसऱ्या कोणाशी गल्लत होऊ नये, आणि आपण कोण आहोत हे कागद वाचणाऱ्याला कळावं, एवढ्यासाठी ते आले. ज्या कायद्याखाली नोंदणी होते त्याचीही तीच तऱ्हा. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम २०१२ मध्ये 'महाराष्ट्र' झाला, पण आमचे हिशेबनीस अजून 'बीपीटी ॲक्ट' म्हणतात, आणि समोरच्याला ते बरोबर समजतं.

पहिली दोन-तीन वर्षं खोली म्हणजे दोन लाकडी बाकं, एक ट्यूबलाइट आणि भरतीची पुस्तकं एवढंच होतं. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. संध्याकाळी आठ-दहा पोट्टे येत, गाइड उघडत आणि 'देश, राजधानी, चलन' पाठ करत बसत. त्या पाठांतराचा कंटाळा आला म्हणून भिंतीवरचा तक्ता सुरू झाला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन रांगा आखल्या: जमात, दिशा, राजा. एकेका देशाची चिठ्ठी करायची, नाव कशावरून पडलं ते शोधायचं आणि त्या रांगेत डकवायची. कल्पना एका निवृत्त गुरुजींची. ते आमचे पहिले आणि आजवरचे एकमेव बिनपगारी ग्रंथपाल.

पहिली चिठ्ठी फ्रान्सची. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्या पश्चिम रोमन साम्राज्य मोडकळीला आलं तेव्हा तिथे स्थिरावल्या आणि त्यांचं नाव देशाला चिकटलं. गुरुजींनी त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'फिरंगी' असंही लिहिलं. अरब-इराणी लोकांना क्रुसेडच्या काळात भेटलेले युरोपीय बहुतेक फ्रँक, म्हणून त्यांनी सगळ्याच युरोपीयांना 'फरंग' म्हटलं. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि आपण गोव्याच्या पोर्तुगीजांनाही फिरंगी म्हटलं, युरोपी पात्याच्या सरळ तलवारीलाही फिरंग म्हटलं. पोर्तुगीजांचा फ्रँक टोळीशी तसा काही संबंध नव्हता. पण परक्याचं नाव असंच पडतं. त्याच्यातला जो गट आपल्याला आधी भेटतो, त्याचं नाव आपण सगळ्यांना देऊन टाकतो. हॉलंड हा नेदरलँड्सचा एक भाग, पण पोर्तुगीजांच्या तोंडून 'ओलांदेज' ऐकून आपण तिथल्या सगळ्यांनाच वलंदेज केलं. आयोनियातले ग्रीक इराण्यांना आधी भेटले, म्हणून आपल्याकडे सगळे ग्रीक यवन झाले.

जर्मनीची चिठ्ठी सर्वांत मोठी झाली. इंग्रज जर्मनी म्हणतात. फ्रेंचांना शेजारी होती अलेमानी टोळी, म्हणून ते 'अलमान्य' म्हणतात. फिनलंडवाल्यांना सॅक्सन भेटले, म्हणून त्यांच्याकडे तो देश 'साक्सा'. पोलंडवाल्यांना त्यांची भाषा कळेना, म्हणून त्यांनी त्यांना 'मुके' अशा अर्थाचं नाव दिलं. आणि ते स्वतःला म्हणतात डॉइच, म्हणजे नुसतं 'लोकांचे', 'आपले'. चार शेजाऱ्यांनी चार नावं ठेवली आणि घरातलं नाव वेगळंच राहिलं.

ही चिठ्ठी लावली त्या संध्याकाळी भामरागडकडून आलेला एक माडिया पोरगा बराच वेळ तक्त्यासमोर उभा होता. मग म्हणाला, "गुरुजी, आमचंबी असंच आहे. लोक आम्हाला गोंड म्हणतात, माडिया म्हणतात. आम्ही घरात कोयतूर म्हणतो."

त्या दिवशी तक्त्यावर जे नाव चढलं तो आज कुठलाही देश नाही. पण ते नाव सगळ्या देशांपेक्षा मोठं निघालं. गोंडवन म्हणजे गोंडांचं वन. गोंडांना हे नाव इतरांनी दिलं, आणि त्यांच्या राज्यांवरून मध्य भारताच्या या मोठ्या पट्ट्याला गोंडवन म्हणू लागले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये इथल्या कोळसा असलेल्या जुन्या खडकांच्या थरांना 'गोंडवाना' हे नाव वापरलं. तसेच थर, त्याच ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडू लागले. मग १८८५ मध्ये एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने दक्षिणेकडच्या त्या प्राचीन महाखंडालाच गोंडवानालँड म्हटलं. 'वन' हा शब्द जागा दाखवतोच, त्याला पुन्हा 'लँड' कशाला, असा आक्षेप भूवैज्ञानिकांतच निघाला आणि बरेच जण आता नुसतं गोंडवाना लिहितात. आमच्या पोट्ट्यांना त्यातली गंमत वेगळी वाटली. बल्लारपूरचा कोळसा आणि अंटार्क्टिकाचा बर्फाखालचा खडक एकाच जमातीच्या नावाने ओळखले जातात, आणि ते नाव त्या जमातीने स्वतःला दिलेलंही नाही. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हापासून हेच नाव त्यांच्या गुणपत्रिकेवरही येतं.

दिशांची रांग भरायला सोपी वाटली होती. ऑस्ट्रेलिया म्हणजे दक्षिणेचा, नॉर्वे म्हणजे उत्तरेची वाट, ऑस्ट्रिया म्हणजे पूर्वेचं राज्य. पण प्रत्येक चिठ्ठीपाशी गुरुजी एकच प्रश्न विचारत: कुठून बघितलं तर? ऑस्ट्रिया पूर्वेला आहे, पण जर्मन राजांच्या दरबारातून बघितलं तर. जपानच्या नावात सूर्याचा उगम आहे, पण सूर्य तिथून उगवताना दिसतो तो चीनमध्ये उभं राहिल्यावर. सगळ्यांत हसू आलं तिमोर-लेस्तेला. मलाय भाषेत 'तिमूर' म्हणजे पूर्व, कारण बेटांच्या रांगेत ते पूर्वेच्या टोकाला. पुढे बेटाचे दोन भाग झाले, एक डचांचा, एक पोर्तुगीजांचा. पोर्तुगीजांचा भाग पूर्वेचा म्हणून त्याला 'लेस्ते', म्हणजे पुन्हा पूर्व. देशाचं नाव झालं पूर्व-पूर्व, आणि २००२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ते तसंच आहे.

आपल्याकडे उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचा दक्षिणेचा शेजारी सिरोंचा हा एके काळी जिल्ह्याचा गाव होता. १८६० ते १८७४ या काळात तो 'अप्पर गोदावरी' जिल्हा होता. 'अप्पर' का? कारण खाली समुद्राकडे मद्रास इलाख्यात गोदावरी जिल्हा आधीच होता. म्हणजे आमच्या संस्थेसारखंच. नावात दिशा आली ती दुसऱ्याशी गल्लत टाळायला. मग तो जिल्हा चांद्यात विलीन झाला. आणि चांदा ज्यात होता तो प्रांत तर नुसता 'मध्य'. नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, सागर-नर्मदेचा मुलूख त्याला जोडला आणि १८६१ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस असं नाव दिलं. कशाच्या मधला? कलकत्त्याच्या टेबलावर पसरलेल्या नकाशाच्या मधला. इथल्या कोणत्याही माणसाला आपण मध्यात राहतो असं वाटण्याचं कारण नव्हतं.

राजांची रांग लहान राहिली. सिमोन बोलिव्हारवरून १८२५ मध्ये बोलिव्हिया. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून फिलिपिन्स. १५९८ मध्ये डच खलाशांनी आपल्या प्रिन्स मॉरिट्सच्या नावाने मॉरिशस. ज्याच्या नावाने बेट ओळखलं जातं त्याने ते पाहिलेलंही नाही, आणि तिथे पुढे जाऊन ऊस तोडणाऱ्या मराठी माणसांना तो कोण हे माहीत असण्याचं कारण नाही. या रांगेत एका पोराने हट्टाने 'बल्लारशा' लिहिलं. देश नाही, पण गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावाचं गाव. गावाची पाटी आता बल्लारपूर म्हणते, रेल्वेचं स्टेशन मात्र बल्लारशाह. चंद्रपूरचंही तसंच. १९६० नंतरच्या दशकात चांद्याचं चंद्रपूर झालं, पण दुसऱ्या मार्गावरचं स्टेशन अजून 'चांदा फोर्ट' आहे, आणि म्हण तर कोणी 'चंद्रपूर ते बांदा' अशी करणार नाही. ती चिठ्ठी आम्ही राहू दिली.

मग आल्या न बसणाऱ्या चिठ्ठ्या. त्यातली एक अशी, की तिच्यामुळे तक्त्याचा अर्धा भाग नव्याने आखावा लागला. ती ब्रह्मदेशाची.

आलापल्लीत ही चिठ्ठी येणारच होती. इथे लाकडाशी संबंध नाही असं घर विरळा. डेपोत सागाच्या लाटा रचलेल्या असतात, लिलावाला बाहेरचे व्यापारी येतात आणि त्यांच्या बोलण्यात दोन शब्द हमखास असतात: 'बर्मा टीक' आणि 'सीपी टीक'. बर्मा म्हणजे ब्रह्मदेशचा साग, सरळ वाढलेला, गाठी कमी. सीपी म्हणजे आमचा, चांदा-बल्लारशाकडचा, सोनेरी रंगाचा, रेघांचा. आमच्या खोलीत येणाऱ्या एका पोराचा बाप डेपोत हमाली करतो. त्याने विचारलं, "सीपी म्हणजे काय जी?" पोराला सांगता आलं नाही, म्हणून तो गुरुजींना विचारायला आला. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला चांदा जिल्हा त्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला. झाड जागचं हललं नाही. त्याच्या बुंध्यावरची सरकारं चार वेळा बदलली. व्यापाऱ्याच्या तोंडात सीपी राहिलं, कारण त्याला त्या शब्दातून सरकार नको असतं, लाकडाची जात हवी असते.

बर्माचं मात्र याहून वेगळं आहे, आणि बहुतेक गाइडांत ते चुकीचं छापलेलं असतं. 'ब्रह्मदेशाचे नाव १९८९ मध्ये बदलून म्यानमार झाले' असं एक वाक्य असतं. वास्तविक तिथल्या लोकांच्या भाषेत नाव बदललंच नाही. त्यांच्या बहुसंख्य जमातीचं नाव लिहिताना 'म्यान्मा' आणि बोलताना 'बमा' असं होतं. ही एकाच शब्दाची दोन रूपं, एक पोथीतलं, एक बाजारातलं. इंग्रजांनी बाजारातलं ऐकलं आणि बर्मा केलं. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा ब्रह्मी भाषेतल्या कागदावर म्यान्माच होतं, इंग्रजी कागदावर बर्मा. १९८९ मध्ये लष्करी सरकारने इंग्रजी कागदही म्यान्माकडे वळवला. या नावात सगळ्या जमाती येतात असं सरकारचं म्हणणं होतं. विरोधकांचं म्हणणं, दोन्ही शब्द एकाच जमातीचे, मग कोणाला फसवता? आणि आपण मराठी लोकांनी ते कानाला लागेल तसं ब्रह्मदेश करून टाकलं होतं. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेला होते, ते कुठल्याही मराठी पुस्तकात ब्रह्मदेशातच होते.

म्हणजे एका देशाला दोन नावं असतात ती जुनं आणि नवं म्हणूनच असं नाही. एक लिहायचं आणि एक बोलायचं, म्हणूनही असतात. हे लक्षात आल्यावर आम्ही तक्त्याच्या उजव्या बाजूला दोन स्तंभ वाढवले: तोंडातलं नाव आणि पाटीवरचं नाव.

ते स्तंभ वर्षभर नुसते भरले जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही असेच दोन स्तंभ असतात, एक छोटं नाव, एक औपचारिक. पोट्टे ते उतरवून घेत. फेडरल रिपब्लिक, किंगडम, इस्लामिक रिपब्लिक, युनियन. पण हे लांब नाव हवं कशाला, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हतं. ते मिळालं एका चेकमुळे.

पुण्यातल्या एका सद्गृहस्थांनी खोलीसाठी पाच हजारांचा चेक पाठवला. एकदा ते आलापल्लीचं वनवैभव बघायला आले होते आणि चौकात चहा घेताना आमच्याकडे डोकावले होते. चेकवर त्यांनी लिहिलं 'चौकातली खोली, आलापल्ली'. बँकेने तो परत केला. आमच्या खजिनदार काकांनी काउंटरवर पुष्कळ वाद घातला. गावात या नावाची दुसरी खोली नाही, मॅनेजरसाहेब स्वतः आमच्याकडे पेपर वाचायला येतात, वगैरे. साहेबांनी शांतपणे आमचं पासबुक पुढे केलं आणि म्हणाले, "काका, खोली मी ओळखतो. पण कागद तुमच्या खोलीला ओळखत नाही." चेक पुण्याला परत गेला, महिन्याने अकरा शब्दांनी नटून आला.

त्या रात्री गुरुजींनी तक्त्यापुढे जे सांगितलं त्यावर खोली अजून चालते. छोटं नाव ओळखीच्या माणसासाठी असतं, आणि ते सहसा दुसऱ्यांनी ठेवलेलं असतं. लांब नाव अनोळखी कागदासाठी असतं. तह, करार, पासपोर्ट, सहीखालचा शिक्का, यासाठी. त्यात नावाखेरीज एक वर्णन असतं: आम्ही कोण, राजा आहे की नाही, कोणाकोणाचे मिळून झालो. नाव वेगळं, वर्णन वेगळं.

हा फरक कायद्यात कोरून ठेवणारा देश आयर्लंड. त्यांच्या १९३७ च्या घटनेत देशाचं नाव 'एअरा, किंवा इंग्रजी भाषेत आयर्लंड' असं आहे. १९४८ मध्ये त्यांनी वेगळा कायदा केला की या राज्याचं 'वर्णन' रिपब्लिक ऑफ आयर्लंड असं असेल. घटनेतलं नाव बदललं नाही, वर्णन जोडलं. संयुक्त राष्ट्रांत आजही ते नुसते आयर्लंड आहेत. फुटबॉलमध्ये मात्र 'रिपब्लिक' लावतात, कारण उत्तर आयर्लंडचा संघ वेगळा खेळतो. उलट उदाहरण हंगेरीचं. २०१२ पासून त्यांनी नावातून 'प्रजासत्ताक' काढून टाकलं. देश प्रजासत्ताकच राहिला.

आपली गोष्ट या आयरिश गोष्टीला अगदी लागून आहे, आणि तिच्यात आमच्याच प्रांताचा माणूस आहे. घटनेच्या १९४८ च्या मसुद्यात पहिल्या कलमात फक्त 'इंडिया' होतं. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुधारित कलम मांडलं, त्यात 'इंडिया, म्हणजे भारत' आलं. १८ सप्टेंबरच्या चर्चेत हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली. कामत घटना समितीत मध्यप्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले. त्यांना आयर्लंडसारखी रचना हवी होती: आधी भारत, आणि इंग्रजी भाषेत इंडिया. मतदान झालं. बाजूने ३८, विरुद्ध ५१. दुरुस्ती पडली. पण घटनेच्या हिंदी पाठात क्रम आपोआप फिरला. तिथे आधी 'भारत' येतं आणि मग 'अर्थात् इंडिया'.

आमच्या तीन रांगांत ही चिठ्ठी कुठे लावायची यावर दोन संध्याकाळी गेल्या. भारत हे नाव ऋग्वेदातल्या भरत जमातीवरून म्हणावं तर जमात. दुष्यंताच्या भरतावरून, किंवा जैन परंपरेप्रमाणे ऋषभदेवांच्या भरतावरून म्हणावं तर राजा. इंडिया तर सिंधू नदीवरून. सिंधूचं इराण्यांनी हिंदू केलं, ग्रीकांनी 'ह' गाळला. शेवटी चिठ्ठी रांगांच्या मधल्या रेघेवर लावली. आणि उजवीकडच्या 'पाटीवरचं नाव' या स्तंभात काय लिहायचं? एका पोराने वडिलांचा पासपोर्ट आणून दाखवला, त्यावर 'भारत गणराज्य'. पहिल्या कलमात मात्र गणराज्य हा शब्द नाही. तिथे राज्यांचा संघ आहे. प्रजासत्ताक असण्याचा संकल्प उद्देशिकेत आहे. म्हणजे आयरिश लोकांनी वेगळा कायदा करून जे केलं, ते आपल्याकडे उद्देशिकेने केलं: नाव एका जागी, वर्णन दुसऱ्या जागी, आणि शिक्का मारताना दोन्ही एकत्र.

लांब नावातला एखादा क्षुल्लक शब्दही कधी सगळ्यात जड असतो. खोलीला एका घरातून फाटका सरकारी नकाशा मिळाला होता, त्याच्या डोक्यावर इंग्रजीत 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार'. आपले जुने लोक म्हणत 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. एका पोराने विचारलं, प्रांत एकच, लाटसाहेब एकच, मग मध्ये 'व' कशाला? त्या 'व'मध्ये निजाम बसला होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण मालकी निजामाची राहिली. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा भाड्याने घेतला, आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडला. कारभार एक झाला, मालकी झाली नाही. १९३६ च्या करारात निजामाचा हक्क पुन्हा मान्य झाला, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली आणि प्रांताच्या नावात बेरार वेगळा लिहिला गेला. 'व' काढला असता तर निजामाने हरकत घेतली असती. इंग्रजांच्या स्वतःच्या नावातही असाच एक 'अँड' आहे. युनायटेड किंग्डम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड. १८०१ मध्ये तिथे नुसतं 'अँड आयर्लंड' होतं, बहुतेक आयर्लंड वेगळं झाल्यावर १९२७ मध्ये नाव आखूड करावं लागलं. आखूड करताना ते एका शब्दाने लांब झालं.

आणि लांब नाव लादलंही जातं. युगोस्लाव्हियातून फुटलेला मॅसेडोनिया १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला, तेव्हा ग्रीसने हरकत घेतली. ग्रीकांचं म्हणणं, मॅसेडोनिया हे आमच्या प्रांताचं, आमच्या अलेक्झांडरचं नाव. तोडगा म्हणून त्यांना 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' या नावाने घेतलं. इंग्रजीत ते 'द'पासून सुरू होई, म्हणून त्यांची खुर्ची थायलंडच्या शेजारी. पंचवीस वर्षं त्यांनी हे नाव घरात कधी वापरलं नाही, सभेत मात्र त्याच पाटीमागे बसले. २०१९ मध्ये तंटा मिटला आणि देश उत्तर मॅसेडोनिया झाला. आमच्या तक्त्यावर तो जमातीतून दिशेच्या रांगेत सरकला. तेव्हा पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अलीकडे भरतीच्या प्रश्नपत्रिकांत नवी नावं येतात. २०१८ मध्ये स्वाझीलँडचं इस्वातिनी झालं, २०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांत तुर्किये नोंदवलं. पोट्टे दोन्ही पाठ करतात. पण आमचा नियम असा आहे की परीक्षेत पाटीवरचं लिहायचं आणि तक्त्यावर दोन्ही. मराठीत तुर्कस्तान लिहिणं चूक नाही. कुठल्याही सरकारला दुसऱ्याच्या भाषेतला बोलण्याचा शब्द बदलता येत नाही, फक्त कागदावरचा बदलता येतो. या नियमावर एका पालकांनी तक्रार केली होती, की यामुळे मुलाचा एक गुण गेला. गेला असेल. त्या मुलाने पुढच्या वेळी वनरक्षकाची परीक्षा काढली आणि आता तो पेरमिलीकडे गस्तीवर असतो.

आज खोलीत बाकं सहा आहेत, दिवे चार, पुस्तकं अकराशेच्या आसपास, आणि तक्ता चौथ्यांदा नव्या कागदावर उतरवला आहे, कारण पावसाळ्यात भिंत ओली होते. गुरुजी आता रोज येत नाहीत, आठवड्यातून दोनदा येतात. आमच्याकडे १९५६ च्या आधीचा एकही धड नकाशा नाही. कोणाच्या माळ्यावर 'सीपी अँड बेरार'ची शालेय भूगोलाची पुस्तकं, जुन्या जमिनीचे कागद, ब्रह्मदेश लिहिलेला ॲटलस पडून असेल, तर तो रद्दीत घालू नका, आम्हाला द्या. पार्सलवर 'चौकातली खोली, आलापल्ली, तालुका अहेरी' एवढं लिहिलं तरी टपालवाले आणून देतात. देणगीचा चेक मात्र कृपया पूर्ण नावानेच काढावा. ते अकरा शब्द या स्मरणिकेच्या मागच्या पानावर छापले आहेत.